हाताच्या लिव्हरवरील एस्प्रेसो : दाब नेमका कोण ठरवतो?

गिरणाकाठची (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी मी वापरलेले हाताचे लिव्हर असलेले एस्प्रेसो यंत्र घेतले. त्यात पंप नाही आणि स्प्रिंगही नाही. बॉयलरमध्ये पाणी तापते, लिव्हर वर उचलले की ते पाणी कॉफीवर येते आणि लिव्हर खाली दाबले की दट्ट्या ते पाणी कॉफीतून ढकलतो. कॉफी भरायची बास्केट 51 मिलिमीटरची आहे. मी दर वेळी 14 ग्रॅम चिकमगळूरची मध्यम भाजणीची कॉफी त्याच दळणावर घेते आणि 28 ग्रॅम पेय काढते.

अडचण अशी आहे की, सुरुवातीला लिव्हर घट्ट लागते आणि कपात दाट, तपकिरी धार पडते, परंतु निम्म्या पेयानंतर तेच लिव्हर लोण्यात सुरी जावी तसे खाली जाऊ लागते, धार पिवळट होते आणि शेवटचे दहा ग्रॅम चार-पाच सेकंदांत पडून जातात. चव पुढे आंबट आणि मागे पाणचट, कडसर लागते. सर्वत्र ‘नऊ बार’ दाब हवा असे वाचल्यामुळे मी शेवटपर्यंत तेवढाच जोर ठेवण्याचा प्रयत्न करते. शेवटी आणखी जोर लावायला हवा काय? की दळण बदलावे?

मंडपमामा (धरणगाव)

ताई, एस्प्रेसोचे यंत्र आमच्याकडे वीस वर्षांपासून आहे. लग्नसराईत एका रात्रीत पाचशे कप निघतात. त्याच्या घड्याळाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या पुढे गेला की आम्ही वाफ सोडून देतो. तुम्हीही वाफ थोडी कमी ठेवा, म्हणजे दूध उतू जाणार नाही आणि फेस घट्ट येईल. कॉफी, साखर मात्र आधी थोड्या पाण्यात चांगली फेटून घ्यायला हवी.

गिरणाकाठची

मामा, आपल्याकडच्या मांडवातील ‘एस्प्रेसो’ची मला लहानपणापासून गोडी आहे, परंतु ते वाफेने दूध फेसाळणारे यंत्र होय. माझ्या प्रश्नात दूध नाही. येथे गरम पाणी कॉफीच्या पुडीतून दाबाने जाते, आणि तो दाब माझ्या हातातून येतो.

ठिबकवाला (जळगाव)

मी ठिबक सिंचनाचे आराखडे करतो, म्हणून दाब आणि प्रवाह यांच्याविषयी थोडे बोलण्याचे धाडस करतो. नळीच्या टोकाला काहीच अडथळा नसेल, तर पंप कितीही मोठा असला तरी तेथे दाब दिसत नाही, पाणी नुसते वाहून जाते. अडथळा असला तरच दाब तयार होतो. तुमची कॉफी म्हणजे तो अडथळा आहे. दळण जाड असेल तर तुम्ही कितीही जोर लावा, लिव्हर खाली जाईल आणि दाब काही बनणार नाही. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे दळण बारीक करा.

दुसरी गोष्ट, दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा ठेवा. शेतात पहिल्या झाडाला आणि शेवटच्या झाडाला सारखे पाणी मिळावे यासाठी आम्ही दाब स्थिर ठेवतो. तोच नियम येथेही लागू होईल, असे मला वाटते.

जुना_फिटर (भुसावळ)

ठिबकवाले भाऊ, तुमच्या उत्तराचा पहिला अर्धा भाग अगदी बरोबर आहे आणि दुसरा अर्धा भाग येथे फसवतो. कारण तुमची तोटी पाण्यात विरघळत नाही, कॉफीची वडी विरघळते.

मी रेल्वेच्या कामातून निवृत्त झालो. मुलाने असेच यंत्र आणून दिल्यापासून त्याच्याशी खटपट करीत असतो. 14 ग्रॅम कॉफीतून चांगले पेय निघते तेव्हा तिच्यातील साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे जवळजवळ तीन ग्रॅम ऐवज, पाण्याबरोबर कपात निघून जातो. म्हणजे पाणी जात असतानाच वडी आतून पोकळ होत जाते. त्याशिवाय सुरुवातीचा रस मधासारखा दाट असतो आणि शेवटचा जवळजवळ पाण्याइतका पातळ. पातळ द्रव त्याच फटींतून अधिक सहज जातो. या दोन्ही कारणांनी अडथळा सेकंदागणिक घटत जातो. अशा वेळी दाब नऊवर धरून ठेवला, तर प्रवाह वाढतच राहणार, आणि ताईंना शेवटी जी पळती पिवळी धार दिसते ती हीच होय.

ताई, तुमचे लिव्हर ‘सैल’ होत नाही, वडी सैल होते. शेवटी जोर वाढवू नका, हळूहळू कमी करा. हात कपाकडे पाहून चालवावा. धार जेवढी पातळ होऊ लागेल तेवढा हात हलका करावा, म्हणजे धारेची जाडी तीच राहते.

पहाटराग (अमळनेर, सध्या पुणे)

माझ्याकडे पंपाचे यंत्र आहे आणि त्यावर नऊ बारची सोय कारखान्यातूनच बसवलेली आहे. मग ते चुकीचे म्हणायचे का? जगभरातील कॉफीगृहे नऊ बारवरच कॉफी काढतात.

जुना_फिटर

चुकीचे मुळीच नाही. परंतु ती सोय कोठून आली ते पाहिले पाहिजे. मिलानच्या अकिले गाजिया यांनी 1948 मध्ये स्प्रिंगचे लिव्हर असलेले यंत्र बाजारात आणले. त्यापूर्वीच्या यंत्रांत फक्त बॉयलरच्या वाफेचा दाब होता, आणि तो दीड बारच्या आसपास असे. स्प्रिंगमुळे तो आठ-नऊ बारवर गेला आणि कपावर प्रथमच तो तपकिरी साय, म्हणजे क्रेमा, दिसू लागला. स्प्रिंगचा गुण असा की ती पूर्ण दाबलेली असताना सर्वांत जोराने ढकलते आणि मोकळी होता होता क्षीण होते. म्हणजे घटता दाब त्या यंत्राच्या रचनेतच होता, कोणी तो मुद्दाम ठरवला नव्हता. पुढे 1961 मध्ये फाएमाच्या ई-61 यंत्राने विजेच्या पंपाने सतत नऊ बारची पद्धत आणली. कॉफीगृहात दिवसभर हात दुखू नयेत आणि प्रत्येक कप सारखा यावा, यासाठी ते सोयीचे होते. घरगुती छोटी यंत्रेही त्याच काळातली, त्यांपैकी ला पावोनीची युरोपिकोला 1961 चीच. तिच्यात स्प्रिंग नसते, स्प्रिंगची जागा माणसाचा दंड घेतो.

म्हणून ताईंच्या यंत्रावर ‘नऊ बार शेवटपर्यंत’ असा हट्ट धरणे म्हणजे हापशावर विजेच्या मोटारीचा नियम लावणे होय.

गिरणाकाठची

नाना, हापशाचे उदाहरण पटले. परंतु माझ्या यंत्रावर दाबाचे जे घड्याळ आहे ते बॉयलरचा दाब दाखवते, कॉफीवरचा नव्हे. मी खरोखर किती दाब देते, हे मला कसे कळावे? नाहीतर ‘हात हलका करा’ म्हणजे किती हलका, हे अंधारातच राहील.

जुना_फिटर

घरात ताणकाटा आहे का? भाजीवाले, भंगारवाले ज्याला आकडा लावून वजन करतात, तो. त्याचा आकडा लिव्हरच्या मुठीत अडकवून खाली ओढा, ओढ मात्र लिव्हरच्या दांडीशी काटकोनात ठेवा. काट्यावर किलो दिसतील. आता दोन गोष्टी मोजा. लिव्हर मधल्या टप्प्यात असताना दट्ट्या एक सेंटिमीटर खाली यायला मूठ किती सेंटिमीटर फिरते, हे पट्टीने पाहा. माझ्याकडे ते नऊ आले. आणि बास्केट रिकामी ठेवून, कॉफी न घालता दट्ट्या ओढायला किती किलो लागतात तेही पाहा, कारण तेवढा जोर फक्त रबरी सीलच्या घर्षणात जातो. माझ्याकडे दोन किलो.

आता हिशेब. समजा कॉफी भरलेली असताना काटा 18 किलो दाखवतो. घर्षणाचे 2 वजा करा, उरले 16. त्याला 9 ने गुणा, दट्ट्यावर 144 किलोचा भार पडला. 51 मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ 20.4 चौरस सेंटिमीटर भरते. भागाकार सात येतो, म्हणजे साधारण सात बार. लोक ज्याला ‘नऊ बार’ समजून घाम गाळतात, तो पुष्कळदा सहा-सात बारच असतो, आणि त्यात काही बिघडत नाही.

एक सूचना मात्र मनावर घ्या. लिव्हरची दांडी वरच्या आणि खालच्या टोकाला वेगळ्या कोनात असते, म्हणून गुणोत्तर नऊच राहत नाही. आकडे ढोबळ आहेत, तुमच्या हाताला वजनाची ओळख व्हावी एवढ्यापुरतेच ते पुरेसे आहेत. आणि ओढताना यंत्राचा पाया दुसऱ्या कोणाला तरी धरून ठेवायला सांगा.

ठिबकवाला

हे मला पटले, माझा दुसरा मुद्दा मी मागे घेतो. आमच्याकडे दाब बदलला तरी पाणी तेवढेच सोडणाऱ्या तोट्या असतात, त्यांत आतला पडदा स्वतःच वाकून वाट अरुंद करतो. येथे तो पडदा म्हणजे माणसाचा हात, असे म्हणता येईल का?

जुना_फिटर

चालेल. फक्त तुमच्या पडद्याला डोळे नसतात, आणि ताईंना कप दिसतो.

सातपुडा (शहादा)

मी स्प्रिंगचे लिव्हर वापरतो. त्यात लिव्हर खाली ओढून स्प्रिंग दाबायची, थोडे थांबायचे आणि सोडून द्यायचे, पुढचे काम स्प्रिंग करते. मला हाताच्या लिव्हरची भीती वाटते, कारण एकदा मी मित्राकडे मधेच लिव्हर वर उचलले आणि पुन्हा दाबले, तेव्हा कॉफीतून एका बाजूने पिचकारी उडाली. असे का झाले?

जुना_फिटर

मधे उचलल्यामुळेच. दट्ट्या वर गेला की वडीच्या वर पोकळी तयार होते आणि ती ओली वडी वर ओढली जाते, तिला तडे जातात. पुन्हा दाबल्यावर सगळे पाणी त्या तड्यातून पळते. म्हणून एकदा दाबायला सुरुवात केली की हात हलका करावा, परंतु वर नेऊ नये. जास्त पेय हवे म्हणून दोनदा दाबणारे लोक आहेत, त्यांना ते जमतही असेल, मला त्यातून बरी चव कधी मिळाली नाही.

दुसरेही सांगून ठेवतो. कप भरल्यानंतर पोर्टाफिल्टर, म्हणजे बास्केट धरणारी मूठ, लगेच सोडवू नका. आत अजून दाब असतो, आणि गरम चोथा अंगावर उडतो. माझ्या मनगटावर त्याची खूण आहे.

गिरणाकाठची

आज सकाळी भावाने काटा धरला, मी लिव्हर ओढले आणि कपाखाली स्वयंपाकघरातील छोटा वजनकाटा ठेवला. माझ्या यंत्रातही मुठीचे गुणोत्तर नऊच्याच जवळ आले आणि घर्षणही दोन किलोच निघाले, म्हणून नानांचाच हिशेब वापरला. कॉफी 14 ग्रॅम, दळण तेच, दोन्ही कपांच्या आधी लिव्हर वर धरून ठेवण्याची वेळही तीच, नऊ सेकंद.

पहिल्या कपाला मी काटा शेवटपर्यंत 18 किलोवर ठेवला. पहिल्या पाच सेकंदांत 4 ग्रॅम पडले, पुढच्या पाचांत 7, त्यापुढच्या पाचांत 10, आणि अठराव्या सेकंदाच्या आत 28 ग्रॅम पूर्ण झाले. चव नेहमीचीच, पुढे आंबट, मागे पाणचट.

दुसऱ्या कपाला 18 पासून सुरू केले आणि धार जाड होताच हात हलका करीत गेले. शेवटी काट्यावर 10 किलो होते, म्हणजे नानांच्या हिशेबाने साधारण साडेतीन बार. प्रत्येक पाच सेकंदांना 4, 5, 6, 5, 5 असे ग्रॅम पडले आणि 28 ग्रॅमला 28 सेकंद लागले. धार शेवटपर्यंत तपकिरी राहिली. आंबटपणा कमी झाला आणि शेवटी गुळासारखी चव लागली, ती पूर्वी कधीच आली नव्हती. क्रेमा मात्र पहिल्या कपात जास्त होता.

पहाटराग

क्रेमा कमी आला याचा अर्थ चव कमी झाली असाच ना? मी तर क्रेमा पाहूनच कप ओळखतो.

सातपुडा

क्रेमा म्हणजे भाजणीत कॉफीत साठलेल्या वायूचा फेस. भाजून आठवडा झालेल्या आणि दोन महिने झालेल्या कॉफीत तो वेगळा दिसतो, आणि रोबस्टा मिसळली की तो उगाच वाढतो. माझ्या मते तो कॉफीच्या ताजेपणाविषयी सांगतो, हाताविषयी फारसे नाही. नाना काय म्हणतात?

जुना_फिटर

बव्हंशी सहमत. पण हाताचा काहीच संबंध नाही, असेही म्हणवत नाही, दाब घटला की वायूही कमी जोराने फुटतो. मी क्रेम्यासाठी हात वाढवत नाही, एवढेच.

ताईंच्या आकड्यांमध्ये एक गोष्ट लपलेली आहे, ती सांगतो. लिव्हर दोन प्रकारे सैल होते. हळूहळू, पाच-सहा सेकंदांत सैल होत गेले तर वडी नेहमीप्रमाणे झिजते आहे, हात हलका करा आणि पुढे चला. परंतु एकाएकी, जणू पायरी चुकावी तसे लिव्हर खचले आणि मग हलकेच राहिले, तर वडीत कोठेतरी भोक पडले आहे आणि पाणी एकाच वाटेने जात आहे. पंपाच्या यंत्रावर काटा थोडासा हलतो, हाताला मात्र तो धक्का ताबडतोब कळतो. अशा वेळी हात लगेच आणखी हलका करावा. कप पूर्णपणे सावरत नाही, फक्त कमी बिघडतो. पुढच्या वेळी पूड बास्केटमध्ये सुईने सारखी पसरून मग सपाट दाबा.

उलट, लिव्हर अडूनच बसले आणि पूर्ण वजन टाकूनही थेंब येत नसेल, तर दळण फार बारीक झाले. तेव्हा लिव्हरवर लोंबकळू नका. मी तसे केले तेव्हा यंत्रच पुढे कलंडू लागले होते.

मंडपमामा

म्हणजे लिव्हर हे चक्क हाताला बातमी देते म्हणा. आमच्या यंत्रात बातमी फक्त शिट्टीची.

गिरणाकाठची

मामा, शिट्टी निदान सर्वांना ऐकू येते.

नाना, नऊ सेकंद वर धरून ठेवण्याचे कारणही सांगाल का? माझ्याकडे बॉयलरचा दाब 0.8 बारवर असतो. मी फक्त पहिला थेंब दिसेपर्यंत थांबते.

जुना_फिटर

तेही दाबाचेच काम आहे, फक्त फार कमी दाबाचे. लिव्हर वर गेले की दट्ट्या पाण्याची छिद्रे उघडी करतो आणि बॉयलरच्या त्याच 0.8 बारने पाणी वडीत शिरते. पूड सगळीकडे भिजली आणि फुगली की तिचा अडथळा एकसारखा होतो. अर्धी कोरडी वडी एकदम सात बारखाली आणली तर पाणी ओल्या भागातून पळते आणि कोरडा भाग तसाच राहतो. लिव्हर झटक्याने वर नेऊ नका, वर जाताना आत पोकळी होते आणि पूड उसळते. पहिला थेंब हे खूण म्हणून ठीक आहे. काही लोक त्यापुढेही पाच-सहा सेकंद थांबतात, त्यात चव बरी होते की नाही याविषयी माझे अजून ठरलेले नाही.

पहाटराग

मला अजून एक शंका आहे. ताईंच्या दुसऱ्या कपात दोन गोष्टी बदलल्या, दाबही घटला आणि वेळही 18 वरून 28 सेकंदांवर गेली. तर चव दाबामुळे सुधारली की पाणी जास्त वेळ कॉफीत राहिल्यामुळे? दळण थोडे बारीक करून, दाब सात बारवरच ठेवून 28 सेकंदांत कप काढला तर काय होईल?

सातपुडा

शंका रास्त आहे. आणि तिसरी गोष्ट तापमानाची. दुसरा कप पहिल्यानंतर लगेच काढला असेल, तर ग्रुपचा, म्हणजे दट्ट्या आणि बास्केट ज्यात बसतात त्या भागाचा, धातू तोवर अधिक तापलेला असतो. 0.8 बारला बॉयलरमधील पाणी शंभराच्या वर, एकशे सतराच्या आसपास असते, आणि ते ग्रुपच्या धातूत उतरतानाच कॉफीला योग्य इतके निवते. धातूच तापला तर पाणी निवणार कसे? मग आंबटपणा दाबामुळे गेला की उष्णतेमुळे, हे कसे सांगणार? आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघरातच चाळीस अंश असतात, तेव्हा तर पहिल्याच कपाला धातू कोमट नसतो.

जुना_फिटर

हे मला सुचायला हवे होते. छोट्या यंत्रांत तिसऱ्या कपानंतर कॉफी करपल्यासारखी लागते, ती याच कारणाने. ताई, दोन कपांत किती वेळ गेला होता?

गिरणाकाठची

चार-पाच मिनिटे असावीत. मोजली नाहीत.

आज पुन्हा केले. ग्रुपला चिकटवायची तापमानपट्टी माझ्याकडे नाही, म्हणून प्रत्येक कपानंतर यंत्र बंद करून ग्रुप हाताला आधीइतकाच लागेपर्यंत थांबले, मग पुन्हा तापवले. क्रमही उलटा केला, आधी घटत्या दाबाचा कप आणि नंतर 18 किलोचा. घटत्या दाबाचा कप पुन्हा गोडसर आला, म्हणजे सगळे श्रेय उष्णतेचे नव्हते. 18 किलोचा कप या वेळी कालइतका आंबट लागला नाही, म्हणजे थोडे श्रेय तिचे असावे. मागचा पाणचटपणा मात्र तसाच होता.

मग पहाटराग म्हणतात तसे दळण दोन खुणा बारीक केले. लिव्हर इतके घट्ट लागले की, 18 किलोवर पहिले थेंब यायलाच बारा सेकंद गेले आणि नंतर एकाएकी लिव्हर खचले. भोकच पडले असावे. तो कप मी ओतून दिला.

पहाटराग

दोन ऐवजी एकच खूण बारीक करून पाहा, आणि पूड आधी सुईने पसरा. एका कपावरून माझी शंका निकालात निघाली, असे मी मानणार नाही.

गिरणाकाठची

मान्य. रविवारी भाऊ पुन्हा काटा धरायला येणार आहे, तोपर्यंत कॉफी उरली तर.